तूप, मध, केशर इतकं स्वस्त कसं? किंमत पाहून भेसळ ओळखता येते का?

डोंबिवलीचा मानपाडा रोड असो की ठाण्यात घोडबंदर रोडवरचं मानपाडा, सणासुदीच्या आधी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे मेसेज सारखेच असतात. 'गीर गाईचं शुद्ध बिलोना तूप, फक्त ४९९ रुपये किलो', 'जंगली मध, एकावर एक फ्री', 'ओरिजिनल काश्मिरी केशर, ग्रॅमला ९९ रुपये'. खाली लगेच दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही जण 'दोन किलो माझ्यासाठी' लिहितात, तर काही जण 'एवढं स्वस्त म्हणजे नक्की भेसळ' असं ठरवून टाकतात.

दोन्ही बाजू अंदाजानंच बोलत असतात. यातल्या काही वस्तूंची किमान किंमत कागद-पेन घेऊन काढता येते. तुपाच्या बाबतीत हे गणित सगळ्यात नीट जमतं, मधाच्या बाबतीत ते फसतं आणि केशराच्या बाबतीत ते फार सोपं असलं, तरी फसवणूक भलत्याच ठिकाणी होऊ शकते. म्हणून सुरुवात तुपापासून.

एक किलो तुपात किती दूध जातं?

तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ दुधातला स्निग्धांश, ज्याला डेअरीच्या भाषेत फॅट म्हणतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा खरेदी दर ठरवताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार धरला जातो. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, म्हणजेच प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. एक लिटर दुधाचं वजन साधारण १ किलो ३० ग्रॅम भरतं, त्यामुळे ३.५ फॅटच्या एक लिटर दुधात सुमारे ३६ ग्रॅम फॅट असतं. म्हणजे एक किलो तुपासाठी किमान २८ लिटर गाईचं दूध हवं. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असतं. ते ६ टक्के धरलं तर १६ लिटरच्या आसपास दूध लागतं, मात्र ते दूध महागही असतं.

आता दर. २०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात गाईच्या दुधाचे भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये राज्य सरकारनं डेअऱ्यांनी लिटरला ३० रुपये द्यावेत आणि वर ५ रुपये अनुदान सरकार देईल असं ठरवलं. डेअरीच्या खिशातून जाणारे ३० रुपये धरले तर २८ लिटरचे ८४० रुपये होतात. सोशल मीडियावर फिरणारी बहुतेक गणितं इथेच थांबतात आणि 'दूधच ८४० रुपयांचं, मग ६०० रुपयांत तूप कसं? सगळे ब्रँड बनावट!' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण फॅट काढून घेतल्यावर उरलेलं दूध डेअरी गटारात ओतत नाही. त्याची भुकटी होते. २८ लिटर दुधातून साधारण अडीच किलो भुकटी निघते. २०२४ मध्ये भुकटीचा भावही पडलेला होता आणि तो किलोला २०० रुपयांच्या आसपास आला होता. तरीही अडीच किलोचे ५०० रुपये डेअरीला परत मिळाले. ८४० मधून ५०० गेले, म्हणजे एक किलो तुपाएवढ्या फॅटच्या वाट्याला ३४० रुपये आले.

हे झालं फक्त कच्च्या मालाचं. गावोगावी दूध गोळा करणं, थंड ठेवणं, टँकरनं आणणं, साय वेगळी करणं, भुकटीसाठी पाणी आटवणं, लोणी कढवणं हा सगळा खर्च लिटरला साडेतीन रुपये धरला, तरी २८ लिटरवर जवळपास शंभर रुपये चढतात. म्हणजे कारखान्याच्या दारात, सुटं, बिनब्रँडचं, गाईच्या दुधाचं तूप किलोला ४४० रुपयांच्या आसपास पडतं. त्यावर डबा किंवा बरणी, वाहतूक, जीएसटी, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा आला की दुकानातली किंमत साडेपाचशे-सहाशेच्या पुढे सरकते.

ताळा म्हणून बाजारातला एक मोठा ब्रँड पाहता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा अमूलनं एक लिटर तुपाची किंमत ४० रुपयांनी कमी करून ६१० रुपये केली. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा दर लिटरचा आहे, किलोचा नाही. एक लिटर तूप वजनाला साधारण ९०५ ते ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे किलोचा भाव ६७० रुपयांच्या घरात गेला. एका बरणीवर 'एक लिटर' आणि दुसरीवर 'एक किलो' लिहिलेलं असेल, तर स्वस्त-महाग ठरवण्याआधी हा दहा टक्क्यांचा फरक काढून टाकावा लागतो.

हे गणित किती ताणता येतं?

वरचे आकडे दगडावरची रेघ नाहीत. दूध २७ रुपयांनी मिळालं तर फॅटच्या वाट्याला येणारा खर्च ३४० वरून २५६ वर येतो आणि कारखान्याच्या दारातली किंमत साडेतीनशेच्या जवळ जाते. भुकटीचा भाव वाढला तर तूप आणखी स्वस्त पडतं. भुकटी पडून राहिली तर उलटं होतं. हिवाळ्यात दूध भरपूर असतं आणि उन्हाळ्यात आटतं, त्यामुळे एकाच वर्षात हा तळ वर-खाली होत राहतो. डेअरीकडे स्वस्ताईच्या काळातल्या लोण्याचा साठा असेल, तर ती काही महिने इतरांपेक्षा कमी दरात विकू शकते.

त्यामुळे सध्याच्या दरांत ५०० रुपये किलोचं तूप दिसलं की लगेच भेसळ म्हणणं घाईचं ठरेल. साठा संपवायचा असेल, मुदत जवळ आली असेल, एखादी नवी कंपनी तोटा सोसून बाजारात शिरत असेल. पण साडेतीनशे किंवा तीनशे रुपयांत, बरणीत भरून, घरपोच तूप मिळत असेल, तर विक्रेत्याला ते फॅट नक्की कुठून मिळालं हा प्रश्न उरतोच. कारण त्या किमतीत दूध, प्रक्रिया, बरणी आणि वाहतूक यांचा एकत्रित खर्च निघत नाही.

तिरुपतीच्या तुपात किंमत काय सांगत होती?

हाच प्रश्न २०२४ मध्ये देशभर गाजला. तिरुमला तिरुपती देवस्थानाच्या लाडवासाठी तामिळनाडूतल्या दिंडीगुलमधली एक डेअरी ३२० रुपये किलोच्या आसपास गाईचं तूप पुरवत होती. तुपाच्या दर्जाबद्दल तक्रारी आल्यावर नमुने गुजरातमध्ये आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या 'काफ' प्रयोगशाळेत पाठवले गेले. जुलैमध्ये आलेला अहवाल सप्टेंबरमध्ये जाहीर झाला आणि राजकीय वादळ उठलं.

त्या गदारोळात देवस्थानाचे तेव्हाचे कार्यकारी अधिकारी जे. श्यामला राव यांनी मांडलेला एक साधा मुद्दा बाजूला पडला. पुरवठादारांनी भरलेले दर ३२० ते ४११ रुपये किलो होते आणि या दरात शुद्ध तूप परवडूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. देवस्थानाकडे भेसळ तपासणारी स्वतःची प्रयोगशाळा नव्हती, हेही त्यांनी सांगितलं. नंतर कर्नाटकच्या सहकारी महासंघाचं 'नंदिनी' तूप ४७५ रुपये किलोनं घेतलं गेलं. वर काढलेल्या ४४० च्या हिशेबाशेजारी हे दोन आकडे ठेवले की चित्र पुरेसं स्पष्ट होतं.

तरीही दर कमी होता एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. प्रयोगशाळेनं तुपातल्या फॅटी आम्लांच्या प्रमाणावरून 'एस-व्हॅल्यू' काढली होती. शुद्ध दुधाच्या फॅटसाठी ही संख्या ९५.६८ ते १०४.३२ या पट्ट्यात असायला हवी, नमुने त्याच्या बाहेर गेले. पण जनावरांच्या खाद्यात तेलाचं प्रमाण जास्त असेल, तर शुद्ध तूपही पट्ट्याबाहेर जाऊ शकतं, असा इशारा त्याच अहवालात होता. ४ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सीबीआय, आंध्र पोलीस आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे अधिकारी असलेलं विशेष तपास पथक नेमलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चौघांना अटक झाली.

पुढे त्या पथकानं केलेला आरोप किमतीच्या दृष्टीनं फार बोलका आहे. उत्तराखंडमधल्या एका डेअरीनं दूध किंवा लोणी विकतच न घेता २०१९ ते २०२४ या काळात सुमारे ६८ लाख किलो, २५० कोटी रुपयांचं 'तूप' देवस्थानाकडे पोहोचवलं आणि त्यात पाम तेल व रसायनं होती, असं पथकाचं म्हणणं आहे. आरोप सिद्ध होणं ही न्यायालयातली बाब. पण भागाकार केला तर सरासरी दर किलोला ३६७ रुपयांच्या आसपास येतो. हा दर हास्यास्पद वाटावा इतका कमी नाही. बाजारभावापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी, म्हणजे खरेदी विभागाला 'चांगला सौदा' वाटावा असाच.

भेसळ करणाऱ्याचं खरं गणित इथे दिसतं. पाम तेल तुपाच्या तुलनेत तीन-चार पटींनी स्वस्त असतं. त्याला तूप शंभर-दीडशे रुपयांना विकायची गरजच नसते. तो ३५० ला विकूनही भरपूर कमावतो आणि बरणी छान असेल तर ६५० लाही विकतो. त्यामुळे किंमत एकाच दिशेनं साक्ष देते. तळाच्या खालची किंमत संशयाला भक्कम आधार देते, पण तळाच्या वरची किंमत शुद्धतेबद्दल काहीच सांगत नाही. महाग घेतलं म्हणून चांगलंच असेल, हा समज भेसळखोरांच्या फायद्याचा आहे.

मग '४९९ रुपये किलो बिलोना तूप' या मेसेजचं काय?

इथे किंमत एकटी न पाहता दाव्यासोबत पाहावी लागते. ४९९ रुपयांत साधं, डेअरीचं, लोण्यापासून कढवलेलं तूप मिळणं अवघड आहे, पण अशक्य नाही. मेसेजमध्ये मात्र तीन दावे आहेत: गीर गाय, बिलोना पद्धत आणि शुद्ध तूप.

गीर गाईच्या दुधात फॅट थोडं जास्त असतं. ते साडेचार टक्के धरलं तर लिटरला ४६ ग्रॅम मिळतं आणि एक किलो तुपाला किमान २२ लिटर दूध लागतं. बिलोना पद्धतीत दूध तापवून, विरजून, दही घुसळून लोणी काढतात. ताकात थोडं फॅट जातंच, त्यामुळे प्रत्यक्षात २५ लिटर धरणं योग्य. गीर गाय दूध कमी देते, म्हणून ते दूध संकरित गाईच्या दुधाच्या भावात मिळत नाही. तरी अगदी हात आखडून लिटरला ५० रुपये धरले, तर नुसतं दूध १,२५० रुपयांचं झालं.

आणि इथे भुकटीचे ५०० रुपये परत येत नाहीत, कारण दह्याचं ताक होतं. ते विकलं गेलं तर थोडे पैसे येतात, खेड्यात बऱ्याचदा वाटलं जातं किंवा जनावरांना पाजलं जातं. म्हणून खऱ्या बिलोना तुपाची किंमत किलोला दीड-दोन हजारांच्या पुढे जाते. त्यात कुणी लुटतंय असंच नाही, पद्धतच तशी खर्चिक आहे. ४९९ रुपयांत हे तीनही दावे एकाच वेळी खरे असणं शक्य नाही. फार तर साधं तूप भारी नावानं विकलं जात असेल. कायद्याच्या भाषेत तेव्हा तो भेसळीचा नव्हे तर खोट्या वर्णनाचा मामला होतो. ग्राहकाच्या तब्येतीला त्यानं धोका नसेलही, पण फसवणूक झालेलीच असते.

'ए-टू' या शब्दाचंही असंच. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये दूध, तूप वगैरेंवरचे ए-टूचे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. ए-वन, ए-टू हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा आहे. तुपात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे तुपाच्या बरणीवरच्या या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

स्वस्ताईचं आणखी एक प्रामाणिक कारण लेबलच्या कोपऱ्यात लपलेलं असतं. 'दिव्याचं तूप', 'पूजा घी' अशा नावानं मिळणाऱ्या डब्यांवर बारीक अक्षरांत 'खाण्यासाठी नाही' असं छापलेलं असतं. ते वनस्पती तेलांचं मिश्रण असतं आणि दिव्यासाठी विकणं गैर नाही. गडबड होते ती तोच माल सुटा करून, लेबलाशिवाय, खाण्याचं तूप म्हणून दिला जातो तेव्हा.

घरच्या चाचण्यांवर किती विसंबायचं?

तळहातावर ठेवलेलं तूप वितळलं तर शुद्ध, असा एक व्हिडिओ दरवर्षी फिरतो. पाम तेलाचे कमी तापमानाला वितळणारे प्रकारही हातावर वितळतात. तूप रवाळ असलं म्हणजे शुद्ध हेही खरं नाही, कारण कणी कशी पडेल हे तूप किती हळू थंड झालं यावर अवलंबून असतं. वनस्पती तूप ओळखण्याची आम्ल आणि साखरेची जुनी चाचणी आहे, तिच्यात गुलाबी-लाल रंग येतो. ती चालते, कारण वनस्पती तुपात मुद्दाम तिळाचं तेल घालणं बंधनकारक केलेलं आहे आणि रंग त्या तिळाच्या तेलामुळे येतो. भेसळ नुसत्या पाम तेलाची असेल तर ही चाचणी गप्प बसते. शिवाय तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल स्वयंपाकघरात हाताळायची वस्तू नाही. आयोडीननं निळा रंग आला तर तुपात बटाटा किंवा स्टार्च आहे एवढं कळतं. ती भेसळ ओबडधोबड, आजचा माल त्याहून हुशार असतो.

प्रयोगशाळेत मात्र बीटा-सिटोस्टेरॉल शोधतात. हा पदार्थ वनस्पतींच्या तेलात असतो, दुधाच्या फॅटमध्ये नसतो. तो सापडला की तेल मिसळल्याचा भक्कम पुरावा मिळतो.

मधाला हे गणित का लागू पडत नाही?

तुपाला तळ आहे, कारण दुधाचा दर आणि फॅटचं प्रमाण दोन्ही माहीत असतं. मधाच्या बाबतीत तसं नाही. महाबळेश्वरच्या जंगलातला सातेरी मधमाश्यांचा मध आणि उत्तर भारतात मोहरीच्या शेतात पेट्या ठेवून काढलेला मध, दोन्ही मधच. पण पहिल्याचं उत्पादन थोडं आणि कष्टाचं, दुसऱ्याचं टनावारी. सातारा जिल्ह्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, तिथल्या मधाची आणि मोहरीच्या मधाची किंमत एकाच तराजूत तोलता येत नाही.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं २ डिसेंबर २०२० ला आपली मधावरची तपासणी जाहीर केली. तिची सुरुवातच किमतीपासून झाली होती. कोरोनाच्या काळात मधाचा खप वाढला असताना उत्तरेतले मधपाळ मात्र रडकुंडीला आले होते. काही वर्षांपूर्वी किलोला दीडशे रुपये मिळत होते, ते साठ-सत्तरवर आल्याचं ते सांगत होते. मागणी वाढताना भाव पडतो कसा, या प्रश्नाचा माग काढत संस्था साखरेच्या पाकापर्यंत पोहोचली. तपासलेल्या १३ ब्रँडपैकी फक्त तीन सर्व चाचण्यांत उतरले. नापास ठरलेल्यांमध्ये नामांकित ब्रँडही होते आणि त्यांनी निष्कर्ष फेटाळले.

त्याहून धक्कादायक भाग पुढचा. संस्थेनं बाजारातून पाक मागवला, शुद्ध मधात २५ आणि ५० टक्के मिसळला आणि भारतातल्या तेव्हाच्या चाचण्यांना दिला. ते नमुने पास झाले. पूर्वी मका किंवा उसाची साखर मिसळत आणि ती चाचणीत सापडे. तांदळापासूनचा पाक वेगळ्या प्रकारच्या वनस्पतीचा, म्हणून वेगळी चाचणी आली, तर तिलाही चकवणारा पाक तयार झाला. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर तंत्रानं केलेल्या चाचणीत हे ब्रँड अडकले. अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी ही चाचणी भारतानं १ ऑगस्ट २०२० पासून सक्तीची केली होती, देशातल्या ग्राहकासाठी मात्र नव्हती.

या प्रकरणातून किमतीबद्दल दोन उलटसुलट गोष्टी कळतात. मधपाळाला साठ-सत्तर रुपयेच मिळत असतील, तर दुकानात दोनशे-अडीचशे रुपये किलोचा मध शुद्धही असू शकतो. आणि चारशे रुपयांच्या नामांकित बाटलीत पाक असू शकतो. म्हणून 'एकावर एक फ्री' पाहून मधाबद्दल काही ठरवणं धोक्याचं. संशय घ्यायला जागा आहे ती दावा आणि किंमत जुळत नाही तिथे: 'जंगली', 'सह्याद्रीतला', 'आग्या माशीचा' असं लिहून मोहरीच्या मधाच्या भावात विक्री होते तेव्हा.

पाण्यात टाकलेला थेंब तळाशी जातो का, मधात बुडवलेली काडी पेटते का, कागद भिजतो का, या चाचण्या फक्त मध घट्ट आहे की पातळ एवढंच सांगतात. आजचा पाक मधाइतकाच घट्ट करता येतो. आणि बाटलीत तळाला साखरेसारखे कण जमले म्हणून अनेकजण मध फेकून देतात, ते तर पूर्ण उलटं आहे. मोहरी, सूर्यफूल यांचा मध थंडीत नैसर्गिकरीत्या गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

केशर: सोपं गणित, वेगळी चलाखी

एक ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. प्रत्येक फुलात तीन लाल तंतू, ते हातानं खुडायचे. म्हणजे एका ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास तंतू. २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला, अटारीची सीमा बंद झाली आणि अफगाणिस्तानातून येणारा माल अडला. तेव्हा उत्तम काश्मिरी केशराचा भाव किलोला पाच लाखांच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे ग्रॅमला पाचशे रुपये, तेही घाऊक. इराणी केशर स्वस्त असतं आणि तेही खरं केशरच असतं. काश्मिरीतही पिवळा भाग ठेवलेला 'लच्छा' हा नुसत्या लाल टोकांच्या 'मोगरा'पेक्षा कमी भावात मिळतो. पण '९९ रुपये ग्रॅम, काश्मिरी मोगरा' या तीन शब्दांचा मेळ कुठल्याच हिशेबात बसत नाही.

अशा डबीत बहुधा रंगवलेले मक्याचे केस किंवा करडईच्या पाकळ्या असतात. सोलापूर-मराठवाड्यातल्या वाचकांना करडईचं फूल ओळखीचं आहे. वाळल्यावर ते लांबून केशरासारखंच दिसतं. तुपा-मधाच्या उलट, इथे घरची चाचणी बरीच उपयोगी पडते. दोन-तीन तंतू थंड पाण्यात टाकायचे. खरं केशर हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं घेत पिवळा रंग सोडतं आणि तंतू लालच राहतो. रंगवलेला तंतू क्षणात लाल रंग सोडतो आणि स्वतः फिका पडतो. खऱ्या तंतूचं एक टोक कर्ण्यासारखं पसरट असतं, मक्याचा केस दोन्हीकडे सारखा. फक्त खऱ्या केशराला तेल किंवा मधाचा हात लावून वजन वाढवलेलं असेल, तर ही चाचणी ते पकडत नाही. कागदावर ठेवून दाबलं आणि डाग पडला, तर शंका घ्यावी.

शंका आलीच तर काय करता येतं?

मानपाड्यातला ग्राहक असो की इतर कुठला, पहिली अडचण पुराव्याची असते. व्हॉट्सॲपवरून घेतलेल्या बरणीला बिल नसतं, बॅच नंबर नसतो, कधीकधी लेबलच नसतं. अन्नपदार्थ विकणाऱ्याकडे एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असायला हवा आणि तो 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तपासता येतो. क्रमांक खरा असला, तरी तो ज्याच्या नावावर दिसतो तोच विक्रेता किंवा उत्पादक आहे का, हे जुळवून पाहावं. दुसऱ्याचा क्रमांक छापणं अवघड नसतं.

अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. मात्र तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना नियमात बसला नाही, तर शुल्क परत मिळतं. ही अट प्रत्यक्षात अवघड आहे, कारण 'मी हे तपासायला देणार आहे' म्हटल्यावर कोणता विक्रेता तीच बरणी देईल?

म्हणून बहुतेकांसाठी दुसरा रस्ता सोपा आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची, त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. तक्रारीसोबत मेसेजचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद, लेबलचा फोटो आणि विक्रेत्याचा ठावठिकाणा द्यायचा. अन्नसुरक्षा अधिकारी स्वतः विक्रेत्याकडून नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो आणि विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. घरातली उघडलेली बरणी न्यायालयात फारशी टिकत नाही, कारण उघडल्यावर तिच्यात कुणी काय घातलं हे सांगता येत नाही. दोन बरण्या घेतल्या असतील, तर एक सीलबंद, बिलासह बाजूला ठेवावी.

अहवालात 'असुरक्षित' असं न येता 'कमी दर्जाचं' किंवा 'खोट्या लेबलचं' असं आलं, तर अनेक तक्रारदार निराश होतात. कमी दर्जासाठी पाच लाखांपर्यंत आणि खोट्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरुंगवासाची तरतूद मुख्यतः असुरक्षित अन्नासाठी आहे. तुपात खाद्य पाम तेल मिसळलेलं असेल, तर प्रकरण बहुधा दंडाच्या रकान्यातच राहतं.